पाडव्याची नवी नोकरी आणि तेरा ठिकाणची ओळख

माझ्या भाचीने 2025च्या मार्चमध्ये नोकरी बदलली. हिंजवडीच्या जुन्या कंपनीतून ती 28 मार्चला, शुक्रवारी कार्यमुक्त झाली. रविवारी गुढीपाडवा, सोमवारी ईदची सुटी आणि मंगळवारी, 1 एप्रिलला बाणेरच्या नव्या कंपनीत रुजू व्हायचं. मधे तीन दिवस मोकळे, त्यात साडेतीन मुहूर्तांपैकी एक. गुढी उभारून झाल्यावर तिने लिंक्डइन उघडलं, नव्या कंपनीचं नाव टाकलं, पद लिहिलं ‘क्यूए लीड’, सुरुवातीचा महिना निवडला मार्च आणि बटण दाबलं. श्रीखंड-पुरीचं जेवण होईपर्यंत अभिनंदनांचा पाऊस पडला होता. संध्याकाळी नव्या कंपनीच्या एचआरचा मेसेज आला : तुमचं जॉइनिंग अजून व्हायचं आहे, पोस्ट तेवढी काढाल का?

पोस्ट काढली. पण तीन आठवड्यांनी पार्श्वभूमी पडताळणीचा अहवाल आला आणि त्यात तिच्या नावापुढे ‘तफावत’ असा शेरा तीन ठिकाणी होता. तिने मला फोन केला तेव्हा आवाज रडवेला होता. “मामा, मी खोटं काहीच लिहिलेलं नाही रे.”

खरंच नव्हतं. रेझ्युमे 2023मध्ये लिहिलेला आणि पुढे दोनदा डागडुजी केलेला. लिंक्डइन 2019चं, त्यावर वेळोवेळी थर चढलेले. नोकरीच्या संकेतस्थळावरची माहिती कधीतरी घाईत भरलेली. स्वतःची छोटी वेबसाइट एका मित्राने करून दिलेली, तिला त्यानंतर कुणी हातही लावला नव्हता. चारही ठिकाणी तीच मुलगी, पण चार वेगवेगळ्या वर्षांतली.

मी एका मासिकात लेखकांचे परिचय तपासण्याचं काम बरीच वर्षं केलं आहे. त्यामुळे हा रोग माझ्या ओळखीचा. पुढच्या शनिवारी आम्ही जेवणाच्या टेबलावर दोन लॅपटॉप, तिची कागदपत्रांची फाइल आणि चहा घेऊन बसलो.

पहिली तफावत नोकरीच्या नावाची. रेझ्युमेत लिहिलं होतं : जून 2019 ते मार्च 2025, एकच कंपनी. प्रत्यक्षात पहिले अकरा महिने ती मनुष्यबळ पुरवणाऱ्या एका कंत्राटदाराच्या वेतनपटावर होती. बसायची हिंजवडीत, ओळखपत्राची दोरी त्या मोठ्या कंपनीची, काम त्यांचंच. पगार आणि भविष्यनिर्वाह निधी मात्र कंत्राटदाराकडून. मे 2020मध्ये कंपनीने तिला स्वतःकडे घेतलं. तिच्या लेखी ही एकच सलग नोकरी. पण पीएफच्या नोंदीत, म्हणजे यूएएन क्रमांकाखालच्या सेवा-इतिहासात, दोन आस्थापना दिसतात, आणि हल्ली पडताळणी करणाऱ्या संस्था उमेदवाराची संमती घेऊन आधी तिथेच बघतात. तिथे पाटीवरचं नाव चालत नाही, ज्याने पैसे भरले त्याचं नाव लागतं.

दुरुस्ती एका ओळीची होती. रेझ्युमेत आता पहिल्या अकरा महिन्यांची वेगळी नोंद आहे : कंत्राटदाराचं नाव आणि पुढे ‘अमुक कंपनीत नियुक्त’. लिंक्डइनवरही तेच. यात कमीपणा काही नाही. आयटीत, बँकांत, रुग्णालयांत हजारो माणसं अशाच वेतनपटांवर काम करतात. कमीपणा वाटून ती ओळ गाळली की मात्र ती लपवल्यासारखी दिसते.

सेवा-इतिहास ज्यांनी कधी उघडून पाहिला नसेल त्यांनी नोकरी सोडण्याआधी एकदा पाहावा. रुजू होण्याची आणि बाहेर पडण्याची तारीख तिथे असते. बाहेर पडण्याची तारीख जुन्या मालकाने भरलीच नाही तर सदस्याला ती स्वतः भरता येते, पण शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने थांबावं लागतं. तोवर पीएफच्या दृष्टीने तुम्ही जुन्याच ठिकाणी नोकरीला असता.

दुसरी तफावत पदाची, आणि ही मला सगळ्यांत जास्त वेळा दिसते. एप्रिल 2022मध्ये तिला बढती मिळाली. टेस्ट इंजिनिअरची सीनियर टेस्ट इंजिनिअर झाली. त्या दिवशी तिने लिंक्डइनवर काय केलं? जुन्या नोंदीतलं पद खोडलं आणि त्या जागी नवं लिहिलं. तारखा तशाच राहिल्या. परिणामी कॉलेजातून बाहेर पडल्या दिवसापासून ती ‘सीनियर’ होती असं जगाला तीन वर्षं दिसत होतं. रेझ्युमेत मात्र बढतीचा महिना बरोबर. दोन्ही शेजारी ठेवले की प्रश्न पडणारच.

बढती मिळाली की जुनी नोंद खोडायची नाही, तिला शेवटचा महिना घालून बंद करायची आणि त्याच कंपनीखाली नवी नोंद उघडायची. लिंक्डइनवर कंपनीचं नाव हाताने टाइप करून सोडून न देता खाली उघडणाऱ्या यादीतून तेच पान निवडलं, तर दोन्ही पदं एका छत्राखाली येतात आणि वर एकूण कालावधी दिसतो. कागदावरही तसंच करावं. कंपनीचं नाव आणि एकूण काळ एकदा, त्याखाली दोन पदं आपापल्या महिन्यांसह. पीएफच्या नोंदीत पद नसतं, आणि अनुभवपत्रात बहुधा शेवटचंच पद लिहून देतात. म्हणून मधल्या पदाचा एकमेव पुरावा म्हणजे बढतीचं पत्र. तिचं ते पत्र कंपनीच्या मेलमध्ये होतं, आणि तो मेल 28 मार्चला संध्याकाळी बंद झाला होता. जुन्या एचआरकडून प्रत मागवायला नऊ दिवस गेले.

पदाच्या नावाबद्दल आणखी एक. नेमणूकपत्रातली पदनामं कधी कधी इतकी रुक्ष असतात की त्यावरून काम कळत नाही. ‘असोसिएट, ग्रेड अमुक’ म्हणजे हा माणूस करतो काय? म्हणून लोक स्वतःच एखादं बरं नाव शोधतात, आणि दर ठिकाणी वेगळं शोधतात. रेझ्युमेत आणि लिंक्डइनच्या अनुभवाच्या नोंदीत पत्रातलंच पदनाम शब्दशः ठेवावं. काम काय ते त्याखालच्या वाक्यात सांगावं. मराठी परिचयात त्या पदाचं भाषांतर करायचं असेल तर तेही एकदाच ठरवून टाकावं. एका ठिकाणी ‘चाचणी प्रमुख’, दुसरीकडे ‘गुणवत्ता व्यवस्थापक’ आणि तिसरीकडे ‘क्यूए लीड’ असं छापून आलं की वाचणाऱ्याला ती तीन पदं वाटतात.

तिसरी तफावत पाडव्याची. नवी नोकरी मार्चपासून दाखवलेली, जुनी बंदच केलेली नाही. म्हणजे लिंक्डइनच्या हिशेबाने ती एकाच वेळी दोन ठिकाणी कामाला. त्यातही गंमत अशी की अनुभवात नवी कंपनी आली तरी नावाखालची ठळक ओळ, जिला ते हेडलाइन म्हणतात, ती जुनीच राहिली होती. ही ओळ वेगळी साठवलेली असते आणि आपण कुठेही प्रतिक्रिया लिहिली की नावाखाली तीच दिसते. नव्या कंपनीतल्या सहकाऱ्याचं अभिनंदन करताना भाचीच्या नावाखाली जुन्या कंपनीचं नाव झळकत होतं.

यातून आम्ही क्रम ठरवला, तो असा. नोटीस पिरियड चालू असेपर्यंत कुठेही काही बदलायचं नाही, फक्त तयारी करायची. शेवटच्या दिवशी जुनी नोंद बंद करायची. मधे दोन दिवस असोत नाहीतर दोन महिने, त्या काळात ‘सध्या’च्या रकान्यात काही नसलं तरी बिघडत नाही. रुजू होऊन ओळखपत्र हातात पडलं की नवी नोंद, त्याच बैठकीत हेडलाइन आणि मग बाकी सगळं. जुन्या चुका सुधारताना Notify network हा पर्याय बंद ठेवायचा, नाहीतर 2019ची तारीख दुरुस्त केली तरी लोक पेढे मागायला येतात.

कधी कधी मात्र माणूस खुर्चीवरून हलत नाही आणि मालकच बदलतो. देना बँकेचे कर्मचारी 1 एप्रिल 2019ला सकाळी त्याच शाखेत, त्याच काउंटरवर गेले तेव्हा ते बँक ऑफ बडोदाचे झाले होते. विजया बँकेचेही तसंच. आयटीत तर एकाच नोकरीत तीन नावं पाहिलेले लोक आहेत : पटनी कॉम्प्युटर 2011मध्ये आयगेटने घेतली आणि आयगेट 2015मध्ये कॅपजेमिनीने. अशा वेळी तीन वेगळ्या नोकऱ्या लिहिल्या तर माणूस उड्या मारणारा वाटतो, आणि फक्त शेवटचं नाव लिहिलं तर 2009चं नेमणूकपत्र जुळत नाही. सरळ मार्ग एकच : आताचं नाव, पुढे ‘पूर्वीची अमुक’, आणि एकूण काळ सलग. पदवीच्या बाबतीत आपण हे करतोच. 2014 आधी पुण्यातून पदवी घेतलेल्यांच्या प्रमाणपत्रावर नुसतं पुणे विद्यापीठ असतं, सावित्रीबाई फुले हे नाव नंतर आलं. प्रमाणपत्रावरचं नाव ठेवून आताचं नाव शेजारी लिहिलं की कुणाचा गोंधळ होत नाही.

दुपारनंतर आम्ही वेबसाइटकडे वळलो. मुख्य पानावरचा मजकूर तिने आदल्या आठवड्यातच बदलला होता आणि ते काम संपलं असं तिला वाटत होतं. मी तिला त्या पानाची लिंक स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला सांगितली. लिंकखाली छोटी चौकट उघडली आणि तीत जुन्या कंपनीचं नाव ठणठणीत होतं. कारण ती चौकट पानावरच्या मजकुरातून येत नाही, पानाच्या पोटात लिहिलेल्या वेगळ्या वर्णनातून येते. गूगलच्या निकालातल्या दोन ओळीही बऱ्याचदा तिथूनच उचललेल्या असतात. शोधायची पद्धत सोपी आहे. संगणकावर पान उघडून Ctrl+U दाबायचं, पोटातला सगळा मजकूर समोर येतो. मग Ctrl+F दाबून जुन्या कंपनीचं नाव शोधायचं. भाचीच्या पानात ते पाच ठिकाणी सापडलं. दोन वर्णनात, एक पानाच्या शीर्षकात, एक फोटोच्या नावात आणि एक jobTitle व worksFor अशा खुणांच्या शेजारी, जिथे शोधयंत्रांसाठी माणसाचं पद आणि मालक वेगळा लिहून ठेवलेला असतो. पाचही दुरुस्त केल्यावरसुद्धा गूगलवर जुनी ओळ काही दिवस दिसत राहते, कारण गूगल पुन्हा त्या पानावर येईपर्यंत त्याच्याकडे जुनीच प्रत असते. त्याला इलाज वाट पाहण्याचा, किंवा गूगलच्याच सर्च कन्सोलमधून पान पुन्हा वाचण्याची विनंती करण्याचा.

रेझ्युमेच्या पीडीएफचीही एक छुपी पाटी असते. फाइलचं नाव बदललं तरी ब्राउझरमध्ये ती उघडल्यावर वरच्या टॅबवर कधी कधी भलतंच शीर्षक दिसतं. वर्डच्या फाइलमध्ये शीर्षकाचा एक रकाना असतो, पीडीएफ करताना तो सोबत जातो. भाचीने कुणा मैत्रिणीचा नमुना घेऊन रेझ्युमे केला होता, आणि टॅबवर त्या मैत्रिणीचं नाव होतं! इतकी वर्षं कुणी बोललं नाही, पण पाहिलं असणार.

शिवाय गूगल ड्राइव्हवर दर वेळी नवी फाइल चढवली की जुन्या लिंक जुन्याच फाइलकडे जातात, आणि त्या लिंक कुणाकुणाच्या मेलमध्ये पडलेल्या असतात. जुन्या फाइलवरच Manage versions मधून नवी आवृत्ती चढवली की लिंक तीच राहते आणि आत मजकूर नवा येतो.

आता ज्याला मी मूळ प्रत म्हणतो ती गोष्ट. एका साध्या फाइलमध्ये वर पाच-सहा ओळी : नाव जसं लिहायचं तसं, इंग्रजी स्पेलिंगसह (क्षीरसागर आडनावाचे लोक हे का ते जाणतात), पदनाम, कंपनीचं नाव, रुजू झाल्याचा महिना, आधीच्या नोकऱ्यांचे महिने, गाव. या ओळी सगळीकडे अक्षरशः सारख्या असायला हव्यात. त्याखाली परिचयाच्या तीन लांबी : एक ओळ, पन्नास शब्द, दीडशे शब्द. यांचा सूर जागेप्रमाणे बदलला तरी चालतो. इन्स्टाग्रामवर ती ट्रेकचे फोटो टाकते, तिथे ‘सह्याद्रीत भटकणारी’ असं लिहिलं तर कुणाची हरकत असायचं कारण नाही.

एका ओळीची मर्यादा सगळ्यांत अरुंद जागेवरून ठरवावी. एक्सवर 160 अक्षरं बसतात, इन्स्टाग्रामवर 150, व्हॉट्सअ‍ॅपच्या अबाउटमध्ये 139. म्हणून 139च्या आत लिहिलं की तीच ओळ सगळीकडे जाते. मराठीत लिहिणाऱ्यांनी जरा हात आखडता घ्यावा, कारण यंत्र काना-मात्रा वेगळ्या मोजतं. ‘क्षे’ हे आपल्याला एक अक्षर, यंत्राच्या लेखी चार. आम्ही लिहिलेली ओळ अशी होती : ‘सॉफ्टवेअर चाचणीत 2019पासून. बँकिंग अ‍ॅपच्या चाचणी पथकाची प्रमुख. पुणे.’ यात कंपनीचं नाव मुद्दाम नाही. नोकरी पुन्हा बदलली तरी या ओळीला हात लावावा लागणार नाही.

‘2019पासून’ हेही मुद्दाम. तिच्या वेबसाइटवर ‘4 वर्षांचा अनुभव’ होता, नोकरीच्या संकेतस्थळावर 5 आणि लिंक्डइनवर ‘जवळपास 6’. तिन्ही आकडे लिहिले त्या दिवशी खरे होते. वर्षांची संख्या आपोआप शिळी होते, साल होत नाही. ‘सध्या’, ‘नुकतीच’, ‘लवकरच’ हे शब्दही तसेच नासके. मासिकात मी ते दिसले की काढतो. दिवाळी अंकाचा मजकूर आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये येतो आणि अंक ऑक्टोबरमध्ये वाचकाच्या हातात पडतो. मधल्या काळात ‘नुकतेच रुजू झालेले’ लेखक राजीनामा देऊन मोकळे झाल्याचंही मी पाहिलं आहे. त्यामुळे लेखकांनो, ऑगस्टनंतर नोकरी बदललीत तर संपादकांना एक फोन करा. अंक छपाईला जाईपर्यंत ती ओळ बदलता येते, नंतर पुढच्या दिवाळीपर्यंत नाही.

मात्र जुनं ते सगळंच बदलायच्या मागे लागू नये. भाचीने 2023मध्ये एका कॉलेजात व्याख्यान दिलं होतं आणि त्या कार्यक्रमाच्या पानावर तिचं तेव्हाचं पद आहे. ते पुसून आताचं घालावं का, असं तिने विचारलं. मी नको म्हटलं. त्या पानावर तारीख आहे आणि त्या तारखेला ती तीच होती. छापील लेखाखालचा परिचयही तसाच. बदलायचं ते बिनतारखेच्या जागांवरचं, जिथे वाचणारा ‘हे आजचं’ असं धरून चालतो.

अशा बिनतारखेच्या जागा मोजल्या तेव्हा तेरा निघाल्या. रेझ्युमे, वेबसाइट, लिंक्डइन आणि नोकरीचं संकेतस्थळ या चार तर ठाऊक होत्या. मात्र नोकरीच्या संकेतस्थळावर भरलेला फॉर्म आणि चढवलेली फाइल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, फॉर्म नवा आणि फाइल जुनी हा प्रकार तिथे होताच. बाकीच्यांत मेलखालची सही निघाली, आणि जीमेलची लॅपटॉपवरची सही वेगळी नि फोनच्या अ‍ॅपमधली वेगळी. ट्रूकॉलरवर कंपनीचं नाव भरलेलं होतं, ते कधी भरलं हे तिलाही आठवेना. माजी विद्यार्थ्यांची यादी, गिटहब, झूमवरचं नाव. फाइलच्या शेवटी या तेरा जागा एकाखाली एक लिहिल्या आणि प्रत्येकीसमोर शेवटच्या दुरुस्तीची तारीख टाकली. मग खासगी खिडकीत, म्हणजे कुठेही लॉगिन न करता, तिचं नाव जुन्या कंपनीच्या नावासोबत गूगलवर शोधलं. चौदावी जागा तिथे सापडली.

गिटहबची दुरुस्ती मात्र त्या दिवशी झाली नाही. ते खातं तिने ऑफिसच्या मेलवर उघडलं होतं, पासवर्ड आठवत नव्हता आणि तो बदलण्याचा मेल बंद पडलेल्या पत्त्यावर जात होता. त्या खात्यावर आजही जुन्या कंपनीचं नाव आहे. तुमचा नोटीस पिरियड चालू असेल तर रेझ्युमेला नंतर हात लावा. आज आधी तुमचं कुठलं खातं ऑफिसच्या मेलवर आहे ते बघा, तिथे स्वतःचा मेल आणि फोन नंबर जोडा, आणि बढतीच्या पत्रांच्या प्रती घरी आणून ठेवा.